चाळीसपैकी तीस

चार रकान्यांचा एक तक्ता आहे. पत्र, ईमेल किंवा रिपोर्ट कसा लिहिला आहे हे मोजण्यासाठी तो वापरतात. पहिला रकाना स्पष्टतेचा, दुसरा सुराचा, म्हणजे टोनचा, तिसरा परिपूर्णतेचा आणि चौथा 'काय कार्यवाही हवी ते सांगितलं आहे का' याचा. प्रत्येकाला दहा गुण, खाली बेरीज. तीस किंवा त्याहून जास्त पडले तर पत्र 'चांगलं', विसाच्या खाली आलात तर परत लिहा. मी हा तक्ता वेगवेगळ्या पोस्टिंगमध्ये वेगवेगळ्या रूपांत पाहिला आहे. पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या माझ्या मेहुण्याने त्याच्या कंपनीतला तक्ता दाखवला, तोही याचाच चुलतभाऊ निघाला.

रकान्यांबद्दल माझी तक्रार नाही. चारही गोष्टी खऱ्या आहेत. माझं भांडण आहे ते खालच्या बेरजेशी, आणि गुण देणारा माणूस ज्या खुर्चीत बसून गुण देतो त्या खुर्चीशी.

एक पत्र घेऊ. मूळ इंग्रजीत होतं, मी मराठीत त्याचा सांगाडा सांगतो. जागा सांगणार नाही, नावं सांगणार नाही. फौजी वाचकांना न सांगता समजेल आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. उत्तरेकडची एक उंचावरची पोस्ट. हिवाळ्यात रस्ता बंद होतो, मग पुढचे चार-पाच महिने जे वर आहे त्यावरच भागवायचं. पोस्टवर दोन जनरेटर सेट. त्यातला एक सप्टेंबरच्या सुरुवातीला बसला. युनिटने पत्र लिहिलं. सहा पॅरा.

पहिल्या पॅरात आधीच्या तीन पत्रांचे संदर्भ. दुसऱ्यात दोन्ही सेटचा इतिहास: कधी मिळाले, किती तास चालले, आधी काय काय दुरुस्त झालं. तिसऱ्यात सध्याचा बिघाड, अगदी तपशीलवार. चौथ्यात पोस्टवर विजेची गरज कशाकशाला लागते ते. पाचव्यात हिवाळा जवळ येत असल्याची जाणीव. आणि सहाव्यात, जिथे पत्र संपतं तिथे, एक वाक्य: वरील बाबी विचारात घेऊन, आपल्या स्तरावर लवकरात लवकर आवश्यक ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. पत्र चौघांना उद्देशून होतं. चौघंही 'प्रति'मध्ये, माहितीसाठी कोणीच नाही.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं ते एका लेखन-प्रशिक्षणात. 'नमुना पत्र' म्हणून ते पडद्यावर दाखवलं गेलं. तक्त्यात त्याला स्पष्टतेसाठी आठ, सुरासाठी नऊ, परिपूर्णतेसाठी नऊ आणि कार्यवाहीसाठी चार गुण मिळाले होते. बेरीज तीस. 'चांगलं' या वर्गात. शिकवणाऱ्याने म्हटलं, "शेवटचा पॅरा थोडा नेमका हवा होता, पण एकंदरीत उत्तम पत्र." वर्गातल्या अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या.

त्या पोस्टवर त्या हिवाळ्यात असलेला कॅप्टन माझ्या ओळखीचा. म्हणून त्या पत्राचं पुढे काय झालं ते मला माहीत होतं.

वर्कशॉपने पत्र वाचलं आणि ते बिघाडाचं पत्र समजलं. तिसरा पॅरा तसाच होता ना: काय बिघडलं, कसं बिघडलं. त्यांनी सेटचं नाव दुरुस्तीच्या यादीत घातलं आणि ऑक्टोबरच्या ठरलेल्या फेरीत मेकॅनिक वर पाठवला. मेकॅनिकने इंजिन उघडलं आणि सांगितलं की क्रँकशाफ्ट जाम आहे, हे वर होणारं काम नाही. युनिटला हे पहिल्याच दिवसापासून माहीत होतं. त्यांना दुरुस्ती नकोच होती. त्यांना बदली सेट हवा होता, तोही रस्ता बंद व्हायच्या आत. पण 'बदली' हा शब्द सहा पॅरांत कुठेच नव्हता आणि तारीखही नव्हती. चौघांपैकी दुसऱ्याने मानलं की वर्कशॉप बघतंय. तिसऱ्याने मानलं की दुसरा बघतोय. चौथ्याने पत्रावर 'फाइल' असं लिहिलं, आणि त्याच्या जागी मीही कदाचित तेच मानलं असतं की हे आपल्यासाठी नाही. मेकॅनिकचा अहवाल आला, त्यावर 'दुरुस्ती हवी की बदली, कृपया स्पष्ट करावे' असं पत्र गेलं, त्याचं उत्तर वर येईपर्यंत नोव्हेंबर उजाडला आणि बर्फ पडला.

पोस्टने पूर्ण हिवाळा एका सेटवर काढला. ज्यांनी जनरेटर सांभाळला आहे त्यांना याचा अर्थ कळेल. साधारण दर अडीचशे तासांनी तेल बदलावं लागतं, म्हणजे सतत चालवला तर दहा-अकरा दिवसांनी तो थांबवावाच लागतो. उंचीवर इंजिन पूर्ण ताकदही देत नाही. म्हणून त्यांनी तास वाटून घेतले: सकाळी चार, संध्याकाळी पाच. एका रात्री एका जवानाला श्वासाचा त्रास सुरू झाला. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर रात्रभर चालवायचा तर सेट रात्रभर चालवायला हवा, आणि त्या सेटला विश्रांती द्यायचे तास आधीच संपत आले होते. कॅप्टनने सेट चालवला. दुसऱ्या दिवशी तेल बदलेपर्यंत रेडिओच्या बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर राहिल्या. जवान बरा झाला, हवा उघडल्यावर हेलिकॉप्टरने खालीही आला. पण सत्तावीस वर्षांच्या पोराला मध्यरात्री 'श्वास की संपर्क' हे ठरवावं लागलं, आणि ते ठरवायला लावलं त्या पत्राला आम्ही तिसाचे गुण देऊन पडद्यावर लावलं होतं.

आता दुसरा कागद बघा. हाही त्याच काळातला, पोस्टवरच्या हवालदाराने खाली पाठवलेला संदेश. तीन ओळी. एक सेट कायमचा बंद, इथे दुरुस्त होणार नाही. १० ऑक्टोबरपर्यंत बदली सेट रोडहेडला द्या, तिथून आम्ही आमच्या गाडीने आणू. देता येत नसेल तर ५ ऑक्टोबरपर्यंत 'नाही' कळवा, म्हणजे इंधन आणि बॅटऱ्या जास्त भरून ठेवतो.

हा संदेश युनिटच्या ऑफिसात पोचला, तिथे त्याचं 'ड्राफ्टिंग' झालं, आणि त्यातूनच ते सहा पॅरांचं पत्र जन्माला आलं. जेवणाच्या सुट्टीत मी तोच तक्ता घेऊन, त्याच निकषांनी, या तीन ओळींना गुण दिले. स्पष्टता नऊ. सूर पाच, कारण त्यात 'विनंती' नाही आणि 'नाही कळवा' हे उद्धट वाटू शकतं. परिपूर्णता पाच, कारण आधीचे संदर्भ नाहीत, सेटचा इतिहास नाही. कार्यवाही नऊ. बेरीज अठ्ठावीस. म्हणजे ज्या कागदाने सेट आला असता तो अठ्ठावीस, आणि ज्याने आला नाही तो तीस. तक्ता नीट भरला होता, कुठेही लबाडी नव्हती. तक्ताच असा आहे की नीट भरला तरी उत्तर उलटं येतं.

बेरजेचा दोष इथे आहे. बेरीज गृहीत धरते की एका रकान्यातली तूट दुसऱ्यातल्या शिलकीने भरून निघते. रायफलचं असं करून बघा: बट उत्तम नऊ, पॉलिश नऊ, स्लिंग नऊ, फायरिंग पिन शून्य. एकूण सत्तावीस, 'समाधानकारक'. ज्या पत्राने काही करवून घ्यायचं आहे त्यात कार्यवाहीचा रकाना हा चौथा रकाना नव्हे, तो दरवाजा आहे. तो उघडला तरच आत जाऊन बाकीचे तीन बघायचे.

सुराच्या नऊ गुणांबद्दलही बोललं पाहिजे. 'आवश्यक ती कार्यवाही व्हावी' हे वाक्य सभ्य आहे म्हणून त्याला नऊ मिळाले. मराठीतही त्याचं भावंडं आहेच: 'माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर'. जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत ज्याने टेबलावर काम केलं आहे त्याला हे वाक्य पाठ असतं. हे वाक्य वाचणाऱ्याला मान देतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते वाचणाऱ्याकडून एक काम फुकटात करून घेतं: लिहिणाऱ्याला काय हवं आहे ते ओळखण्याचं काम. वर्कशॉपच्या मेजरला दिवसाला पन्नास पत्रं येतात. त्याने तुमच्या मनातलं ओळखावं आणि चुकीचं ओळखलं तर दोष त्याचा, याला मी सभ्यता म्हणत नाही. '१० तारखेपर्यंत द्या, नाहीतर ५ ला नाही म्हणा' यात खरा मान आहे, कारण त्यात समोरच्याला नाही म्हणायची मोकळी वाट आहे.

मग शहाणीसुरती माणसं असं गोल गोल का लिहितात? इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. आम्ही खडकवासल्याला तीन वर्षं काढली, सर्व्हिस रायटिंगचे तास बसलो, समास चुकला, पॅराचा नंबर चुकला, संक्षेप चुकला म्हणून गुण कापून घेतले. लिहायला सगळ्यांना येतं. कारण वेगळं आहे. 'बदली सेट द्या' असं लिहिलं की ते लिहिणाऱ्याचं मत होतं. उद्या कोणी विचारलं, दुरुस्त होत असताना बदली का मागितली, तर उत्तर द्यावं लागतं. 'आवश्यक ती कार्यवाही' मागितली की आवश्यक काय ते ठरवण्याची जबाबदारी पुढच्यावर. आणि काही बिघडलं, चौकशी बसली, तर फाइलमध्ये पत्र आहेच: बघा साहेब, आम्ही १२ सप्टेंबरलाच लिहिलं होतं. असं पत्र वर्कशॉपसाठी लिहिलेलं नसतंच. ते भविष्यातल्या चौकशी समितीसाठी लिहिलेलं असतं. संदर्भ तीन, इतिहास दीड पान, बिघाडाचं वर्णन तपशीलवार: समितीला हे सगळं लागतं. मेकॅनिकला यातलं काही लागत नाही. आणि आपला तक्ता याच साठवणुकीला 'परिपूर्णता' म्हणून नऊ गुण देतो.

परिपूर्ण म्हणजे काय हे मोजायची सोपी रीत आहे. पत्र मिळाल्यावर, काम सुरू करण्याआधी, मिळणाऱ्याला फोन करून किती प्रश्न विचारावे लागले? तो आकडा लिहा. सहा पॅरांच्या पत्राला तीन प्रश्न पडले असते: दुरुस्ती की बदली, कधीपर्यंत, आमच्यापैकी कोणी. तीन ओळींच्या संदेशाला एकच पडला असता: सेट किती क्षमतेचा. तो एक प्रश्न खराच अपुरेपणा आहे, हवालदाराने क्षमता लिहायला हवी होती. पण एक आणि तीन यात कोण जास्त परिपूर्ण ते उघड आहे.

आता खुर्चीची गोष्ट. गुण देणारा माणूस बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्याच बाजूला बसलेला असतो. त्याला पार्श्वभूमी माहीत असते, किंवा प्रशिक्षणात शिक्षकाने आधीच सांगितलेली असते. अशा माणसाला संदिग्ध वाक्य संदिग्ध दिसतच नाही, कारण रिकामी जागा तो आपल्या माहितीने नकळत भरून घेतो.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण आपल्या धंद्यातलंच आहे. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातलं बालाक्लावा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच कड्यावर उभा होता. तिथून त्याला दिसत होतं की रशियन लोक बाजूच्या टेकड्यांवरच्या मोर्चांतून काबीज केलेल्या तोफा ओढून न्यायच्या तयारीत आहेत. त्याने एरी नावाच्या स्टाफ ऑफिसरकरवी घोडदळाला चार ओळींचा हुकूम लिहून पाठवला. मतलब असा: घोडदळाने झपाट्याने पुढे सरकावं, शत्रूचा पाठलाग करावा, त्याला तोफा नेऊ देऊ नयेत. शेवटी 'तातडीने'. कड्यावरून वाचलं तर यात काय कमी आहे? तक्ता लावा: स्पष्टता उत्तम, भाषा सभ्य, सेनापतीची 'इच्छा आहे' अशी, कार्यवाही सांगितली आहे, वेळ सांगितली आहे. पस्तीस सहज पडतील.

पण हुकूम वाचणारा लॉर्ड लुकन खाली खोऱ्यात होता. तिथून त्या टेकडीवरच्या तोफा दिसत नव्हत्या. 'पुढे' म्हणजे कुठे आणि 'तोफा' म्हणजे कुठल्या, हे त्याला कळेना. हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनला त्याने विचारलं, तर नोलनने खोऱ्याच्या टोकाकडे हात केला, असं सांगतात. तिकडे रशियन तोफखाना होता, समोर आणि दोन्ही बाजूंच्या उंचीवर. सुमारे ६७० सवारांची लाइट ब्रिगेड त्या खोऱ्यात शिरली. शंभराहून जास्त मेले. नोलन सुरुवातीलाच गेला, त्यामुळे त्याला नेमकं काय म्हणायचं होतं यावर इतिहासकार अजून भांडतात. लुकन आणि त्याच्या हाताखालचा कार्डिगन यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, नोलनचा आवाज चढलेला होता, आणि दुसऱ्यांदा 'नेमकं कुठे?' असं कोणी विचारलं नाही. सुराचं महत्त्व मी नाकारत नाही, ते इथे दिसतं. सुराने हुकूम गोड झाला की नाही हे दुय्यम. सुरामुळे खालचा माणूस परत प्रश्न विचारू शकला की नाही, हे पाहायचं.

कड्यावरच्या माणसाने कड्यावरूनच गुण दिले तर ते नेहमी चांगलेच पडणार. गुण खोऱ्यातून द्यायचे असतात.

गंमत अशी की फौजेला हे पक्कं माहीत आहे, फक्त कागदावर आलं की विसरायला होतं. प्लाटून कमांडर सँड मॉडेलवर ऑर्डर देतो तेव्हा मिशन दोनदा बोलतो. एकच वाक्य, दोनदा, शब्द न बदलता. ऑर्डर संपली की 'कुछ शक?' विचारून थांबत नाही, तो स्वतः प्रश्न विचारतो: नंबर दोन सेक्शन, तुम्हारा काम क्या है? एच अवर कब है? सेक्शन कमांडरने आपल्या तोंडाने बरोबर सांगितलं तर ऑर्डर झाली. नाही सांगितलं तर कमांडरची भाषा कितीही छान असो, ऑर्डर झाली नाही. तिथे कोणी कमांडरच्या वक्तृत्वाला दहापैकी गुण देत बसत नाही. सिग्नलच्या मेसेज फॉर्मवरही 'अ‍ॅक्शन' कोणाला आणि 'इन्फो' कोणाला हे वेगळं लिहावं लागतं. ईमेलमध्ये ही सोय आयती आहे, आणि आपण चौघांना एकाच रांगेत बसवतो.

म्हणून माझ्या हाताखालच्या ऑफिसात मी तक्ता असा वापरतो. पत्र लिहिणाऱ्याने आधी एका चिठ्ठीवर चार उत्तरं लिहायची: कोणी, काय, कधीपर्यंत, आणि नाही जमलं तर काय. चिठ्ठी दुमडून बाजूला. मग पत्र अशा माणसाला द्यायचं ज्याला त्या विषयाची गंधवार्ता नाही. आमच्याकडे हे काम बहुधा हेड क्लार्क साहेब करतात, नाहीतर दुसऱ्या ब्रँचचा कोणी. दोन मिनिटं वाचायचं, पत्र काढून घ्यायचं, आणि त्याने तीच चार उत्तरं लिहायची. दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर पत्र दरवाजातून आत. नाही जुळले तर गुण नाहीत, पत्र परत. पहिल्या आठवड्यात एका कॅप्टनचं दोन पानी पत्र वाचून हेड क्लार्क साहेबांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "साहब, पढ़ लिया. इसमें करना क्या है?" त्या पत्राचं तेवढं मूल्यमापन पुरेसं होतं.

आत आलेल्या पत्राचा सूर तपासायचा तर ज्याला ते जाणार त्याच्या पदाच्या, त्याच्या जागी बसणाऱ्या माणसाला विचारायचं, लिहिणाऱ्याच्या साहेबाला नाही. स्पष्टता आणि परिपूर्णता वेगवेगळ्या बसकणीत तपासायच्या, एकाच दमात नाही. हे वेडगळ वाटेल, पण याला कारण आहे. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्याने अमेरिकन फौजेतल्या वरिष्ठांनी आपल्या ऑफिसरांना दिलेले गुण तपासले होते: शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य. हे गुण एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. उंचपुरा दिसणारा ऑफिसर चारित्र्यातही वर, नेतृत्वातही वर. एका गोष्टीची छाप बाकीच्या सगळ्यांवर पडत होती. 'हॅलो इफेक्ट' हा शब्द तिथूनच आला. म्हणजे हा रोग शोधला गेला तो आमच्याच मूल्यमापनाच्या कागदांत, आणि आम्हीच तो पत्रांच्या तक्त्यात परत आणला. छान समास, बिनचूक संक्षेप, नीट नंबर घातलेले पॅरा दिसले की परीक्षकाच्या हातून परिपूर्णतेतही आठ-नऊ आपोआप पडतात.

यावर मला मिळालेले आक्षेप दोन आहेत. पहिला, वेळ नाही. खरं आहे. दिवसाला चाळीस पत्रं निघतात, प्रत्येकाची परीक्षा कोण घेणार? घ्यायचीच नाही. महिन्याला पाच पत्रं, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. निवड लिहिणाऱ्याने करायची नाही, नाहीतर तो नमुनापत्रच आणेल. पाचांतली दोन नापास झाली तरी त्या ऑफिसाला काय शिकवायचं ते कळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, एका निवृत्त कर्नलसाहेबांनी केलेला. प्रत्येक पत्र काही मागत नाही, ते म्हणाले. अगदी बरोबर. केवळ माहितीचा रिपोर्ट असेल तर त्यात तसं एक वाक्य हवं: आपल्याकडून कोणतीही कार्यवाही अपेक्षित नाही. हे वाक्य असलं की तेही पत्र दरवाजातून जातं, कारण वाचणाऱ्याने काय करायचं याचं उत्तर आहे: काही नाही. पण असंही पत्र असतं जिथे दरवाजा सुराचाच हवा. जवान गेल्यावर त्याच्या घरी जाणारं पत्र. ते साताऱ्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या गावात बहुधा मुलगी किंवा दीर मोठ्याने वाचून दाखवतो, ऐकणारी बाई ओसरीवर बसलेली असते. त्या पत्रात 'मृत व्यक्तीचे अवलंबित' हा शब्द आला तर बाकी तीन रकान्यांत दहा-दहा पडले तरी ते पत्र परत गेलं पाहिजे. आणि पेन्शनचे कागद? ते दुसऱ्या पत्रात, थोड्या दिवसांनी, एका पानावर: कोणता कागद, कोणत्या ऑफिसात, सोबत कोण येईल, कोणाला फोन करायचा. तिथे परत पहिलाच नियम. दोन कामं एका पत्रात कोंबली की दोन्ही बिघडतात, आणि एकत्र बेरीज केली तर ते दिसतही नाही.

कर्नलसाहेबांना हे पटलं, पण बेरीज काढून टाकायला ते तयार नाहीत. आकडा नसेल तर वरच्याला काय दाखवणार, असा त्यांचा प्रश्न आहे. माझं उत्तर: या महिन्यात पाचांपैकी किती पत्रं दोन मिनिटांत कळली आणि मिळणाऱ्याने किती प्रश्न परत विचारले, हे दोन आकडे दाखवा. जनरेटरच्या पत्राला त्यात शून्य आणि तीन पडले असते, आणि ते पडद्यावर लावायची हिंमत कोणाची झाली नसती.